एकाच कपात कच्चा आणि डल: लांबलेल्या खुडणीचं एक प्रकरण

चहाचा टेस्टर एकाच नमुन्यावर 'कच्चा' आणि 'डल' असे दोन्ही शेरे देतो, तेव्हा कारखान्यातल्या माणसाला काय करावं ते कळत नाही. कच्चा म्हणजे ऑक्सिडीकरण अपुरं राहिलेलं, हिरवट आणि बोचरं. डल म्हणजे ते गरजेपेक्षा पुढे गेलेलं, रंग तपकिरी पण चमक नाही, जिभेवरची तरतरी गेलेली. पहिल्या दोषावर वेळ वाढवायची आणि दुसऱ्यावर कमी करायची, हा उपाय सगळ्यांना पाठ असतो. पण दोन्ही दोष एकाच कपात असले तर घड्याळाकडे बघून काही सुटत नाही. या लेखातलं प्रकरण नेमकं हेच आहे. एका नाव असलेल्या कारखान्याचा हा अहवाल नव्हे. ऑर्थोडॉक्स पद्धतीच्या, म्हणजे रोलरवर पान वळणाऱ्या कारखान्यांत भर हंगामात वारंवार उद्भवणारी स्थिती मी एका कारखान्यात मांडली आहे आणि आकडे त्या स्थितीचा आवाका कळण्यापुरते घेतले आहेत. रसायनशास्त्र मात्र सगळीकडे तेच असतं.

तक्रार

कारखान्यात एरवी ७ दिवसांच्या फेरीने खुडलेलं पान येत होतं. हंगाम भरात आला, झुडपं झपाट्याने फुटू लागली आणि खुडणारे हात कमी पडले, त्यामुळे फेरी १२ दिवसांवर गेली. रोज येणाऱ्या पानाचं वजन वाढलं, म्हणून सुरुवातीला कुणाला चिंता वाटली नाही. तिसऱ्या आठवड्यात टेस्टिंगचे शेरे बदलले. चहाला रंग आहे, पण कपाच्या कडेला दिसणारं सोनेरी कडं नाही. घोट घेतला की आधी हिरवट चव लागते आणि मागे काहीच उरत नाही.

मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती उकळतं पाणी घालून गाळल्यावर उरलेल्या पानाची. २ ग्रॅम चहा, १०० मिलिलिटर पाणी, ६ मिनिटं, या मोजणीने चहा काढायचा आणि भांड्याच्या झाकणावर ओलं पान उलटं करून उजेडात बघायचं. चांगल्या मालात ते सगळं एकसारखं, नव्या तांब्यासारखं लखलखीत दिसतं. इथे तीन रंग होते. काही तुकडे तांबूस, काही काळपट तपकिरी आणि मधेमधे हिरवे, चपटे, न वळलेले तुकडे. कप ढवळला की सरासरी चव मिळते, पण ओल्या पानात प्रत्येक तुकडा आपली कथा वेगळी सांगतो. हा चहा सगळा मिळून अर्धवट झालेला नव्हता. त्यात तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबलेला माल एकत्र होता.

दुसरी खूण कप थंड झाल्यावर मिळाली. चांगला कडक काळा चहा खोलीच्या तापमानाला आला की दुधाळ गढूळ होतो. कॅफीन आणि थिअफ्लेविन-थिअरुबिजिन ही रंगद्रव्यं एकमेकांना धरून बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतात म्हणून तसं होतं. हा चहा थंड झाल्यावरही पातळ आणि स्वच्छच राहिला. म्हणजे कॅफीन किंवा ती रंगद्रव्यं, किंवा दोन्ही, कमी पडत होती.

आधी काय करून पाहिलं

कारखान्याने पहिला बदल फर्मेंटेशनच्या वेळेत केला. (कारखान्यात या टप्प्याला फर्मेंटेशनच म्हणतात, जंतूंचं काम त्यात नसलं तरी.) पान वळायला घेतल्यापासून ड्रायरमध्ये जाईपर्यंत एरवी सुमारे १२० मिनिटं दिली जात. ती १५० केली. हिरवटपणा थोडा कमी झाला, पण चहा आणखी डल झाला. मग ९५ मिनिटांवर आणली. चमक किंचित आली आणि कच्चेपणा असह्य झाला.

त्यानंतर रोलरचा दाब वाढवला. पान नीट चिरडलं जात नाही हा तर्क चुकीचा नव्हता, पण दाबाने घर्षण वाढलं आणि रोलरमधल्या पानाचं तापमान ३९ अंशांवर गेलं. ते ३५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. नेमकं या तापमानाला काय बिघडतं, ते कळायला आधी थिअफ्लेविन कसं तयार होतं आणि कसं नाहीसं होतं हे पाहावं लागेल. संपूर्ण प्रकरणाची किल्ली तिथेच आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

थिअफ्लेविन: तयार होणं आणि मोडणं

चहाच्या कोवळ्या फुटव्याच्या कोरड्या वजनात पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, पॉलिफेनॉल असतात आणि त्यांतले बहुतेक कॅटेचिन गटातले असतात. ही कॅटेचिनं पेशीतल्या रिक्तिकेत साठलेली असतात. त्यांचं ऑक्सिडीकरण करणारं विकर, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज, हरितलवकात असतं. त्याच्या गाभ्यात तांबं आहे आणि काम करायला त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. ताज्या पानात हे दोघं एकमेकांना भेटत नाहीत. पान वळणं म्हणजे पेशीपटलं फोडून त्यांची गाठ घालून देणं.

पुढचं समजून घ्यायला कॅटेचिनांची दोन घराणी ओळखावी लागतात. एका घराण्याच्या रेणूतल्या एका कड्यावर शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात. एपिकॅटेचिन आणि त्याचं गॅलेट, म्हणजे गॅलिक आम्लाचा गट जोडलेलं रूप, हे त्यातले. दुसऱ्या घराण्यात त्याच जागी तीन हायड्रॉक्सिल गट असतात. एपिगॅलोकॅटेचिन आणि त्याचं गॅलेट त्यातले. विकर त्यांना क्विनोन नावाच्या, अतिशय क्रियाशील रूपात आणतं. एका घराण्याचा क्विनोन आणि दुसऱ्या घराण्याचा क्विनोन जुळले आणि मधून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बाहेर पडला, की थिअफ्लेविनचा एक रेणू तयार होतो. दोन्ही घराण्यांतून एकेक हवाच. एकाच घराण्यातले दोन जुळून थिअफ्लेविन होत नाही.

चहाची चमक, कडेचं सोनेरी कडं आणि जिभेवरची तरतरी यांत थिअफ्लेविनचा मोठा वाटा असतो. ही तरतरी कॅफीनशी जोडी जमल्यावर येते. थिअफ्लेविनला गॅलेट गट जोडलेले असतील तर तुरटपणाही वाढतो. दोन गॅलेट असलेलं थिअफ्लेविन साध्या थिअफ्लेविनपेक्षा सहापटीहून अधिक तुरट मानलं जातं. त्यामुळे 'एकूण थिअफ्लेविन किती' एवढाच आकडा पुरत नाही. त्यातलं गॅलेटवालं किती, हेही चव ठरवतं.

आता मोडण्याकडे वळू. साध्या घराण्याचे क्विनोन तीन हायड्रॉक्सिलवाल्या रेणूंकडून इलेक्ट्रॉन हिसकावतात. म्हणून गॅलोकॅटेचिनं पटापट खर्च होतात, आधी तीच संपतात. ती संपली की उरलेले क्विनोन आयत्या तयार झालेल्या थिअफ्लेविनवर पडतात आणि त्याचं ऑक्सिडीकरण होऊन थिअरुबिजिन नावाची गडद, लालसर-तपकिरी, गुंतागुंतीची द्रव्यं बनतात. पेरॉक्सिडेज हे दुसरं विकरही त्यात भर घालतं. थिअफ्लेविन आणि थिअरुबिजिन या दोन्ही गटांना ही नावं ई. ए. एच. रॉबर्ट्स यांनी १९५०च्या दशकातल्या कामातून दिली. थिअरुबिजिन हे काही वाईट द्रव्य नव्हे. चहाचा रंग आणि भरदारपणा त्यातूनच येतो, आणि तयार काळ्या चहात ते थिअफ्लेविनच्या कितीतरी पट असतं. बहुतेक चांगल्या मालात हे प्रमाण १ ला १० ते १२ च्या आसपास भरतं.

म्हणजे फर्मेंटेशनच्या टेबलावर थिअफ्लेविन आधी वाढतं, शिखर गाठतं आणि मग उतरतं. कारखान्याचं कौशल्य म्हणजे शिखराच्या आसपास माल ड्रायरमध्ये टाकणं. तापमान वाढलं तर वाढही जलद होते आणि उतारही, पण उताराचा वेग जास्त वाढतो. म्हणून २५ अंशांच्या आसपास थंड, दमट हवेत आणि पातळ थरात शिखर उंच मिळतं. ३९ अंशांच्या रोलरमध्ये थिअफ्लेविनचं थिअरुबिजिन होण्याची घाई आधीच सुरू होते. दाब वाढवून चहा डल का झाला, त्याचं उत्तर हे.

एका ढिगाऱ्यात दोन घड्याळं

या टप्प्यावर नमुने काढून मोजायचं ठरलं. येणाऱ्या मिश्र पानातून थोडं पान हाताने निवडलं. दोन पानं आणि कळी असलेले कोवळे फुटवे एका बाजूला, तिसरं-चौथं जाड पान आणि वाढ थांबलेले फुटवे (बागेत त्यांना बांझी म्हणतात) दुसऱ्या बाजूला. दोन्ही वेगवेगळे कोमेजवले, छोट्या रोलरवर सारख्याच वेळेत वळले आणि दर १५ मिनिटांनी मूठभर माल काढून लगेच कडक उष्णतेने विकर बंद पाडलं. थिअफ्लेविन मोजायची सोपी पद्धत अशी: चहाचा अर्क मिथाइल आयसोब्यूटिल कीटोनमध्ये घ्यायचा, फ्लेव्होग्नॉस्ट हा अभिकर्मक घालायचा आणि येणारा हिरवा रंग ६२५ नॅनोमीटरला मोजायचा.

निकालाचा आलेख कुणाही कारखानदाराने भिंतीवर लावावा असा होता. कोवळ्या मालाचं थिअफ्लेविन पान वळायला घेतल्यापासून १०५ ते १२० मिनिटांच्या दरम्यान १.२ टक्क्यांवर पोचलं आणि पुढच्या अर्ध्या तासात ०.९ वर उतरलं. जाड मालाचं १२० मिनिटांना जेमतेम ०.३५ होतं, १६५ मिनिटांना ते ०.५ वर गेलं आणि तिथेच अडकलं. नेहमीच्या, न निवडलेल्या मिश्र मालाचा आलेख बसका आणि पसरट. त्याचं सर्वांत वरचं टोक ०.७, आणि तेही १३५ मिनिटांना, जेव्हा त्यातला कोवळा भाग उताराला लागलेला होता आणि जाड भाग अजून चढत होता.

टेस्टरचे दोन्ही शेरे या एका आलेखातून वाचता येतात. १२० मिनिटांना थांबवलं तर जाड पान कच्चं राहतं. १५० मिनिटांना थांबवलं तर कोवळ्या पानातलं थिअफ्लेविन वाया जातं. मधे कुठेही थांबवलं तरी एक अर्धा दोषी असतो. त्या ढिगाऱ्यासाठी योग्य वेळ नावाची गोष्टच नव्हती. घड्याळ जितकं काटेकोर करावं तितकं ते दोन्ही बाजूंना सारखंच चुकत होतं.

जाड पान मागे का पडतं

याची दोन उत्तरं संभवत होती. पानात मुळातच कच्चा माल आणि विकर कमी आहे, किंवा ते आहे पण रोलर त्याला फोडू शकत नाही. दोन्हीवर उपाय वेगळे, म्हणून ती वेगळी करून पाहणं गरजेचं होतं.

पहिल्यासाठी क्लोरोफॉर्मची जुनी परीक्षा उपयोगी पडली. बंद बरणीत थोडं क्लोरोफॉर्म ठेवायचं आणि त्याच्या वाफेत ताजी पानं टांगायची. वाफेने पेशीपटलं आपोआप सैल होतात, म्हणजे वळण्याचा प्रश्न बाजूला राहतो आणि पानाची स्वतःची ऑक्सिडीकरणाची कुवत उघड होते. त्याच झुडपाचं दुसरं पान उजळ तांबूस-तपकिरी झालं. चौथं पान त्याच वेळात मळकट, हिरवट तपकिरी राहिलं. कुवतच कमी होती. कळी आणि पहिलं पान यांत पॉलिफेनॉल सर्वाधिक असतात, दुसऱ्या पानात त्याहून कमी, तिसऱ्यात आणखी कमी आणि देठात सर्वांत कमी. कॅफीनचा उतारही तसाच असतो. त्यातही पान जून होत जातं तसतशी गॅलेट असलेली कॅटेचिनं झपाट्याने घटतात, म्हणजे दोन गॅलेटवालं, सर्वांत तरतरीत थिअफ्लेविन बनवायला माल उरत नाही. देठात पॉलिफेनॉल ऑक्सिडेज भरपूर असतं, पण त्याला द्यायला कॅटेचिन फारसं नाही.

दुसऱ्यासाठी वळलेलं पान पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात बुडवून पाहिलं. जिथे पेशी फुटल्या आहेत तो भाग गडद होतो, जिथे शाबूत आहेत तो हिरवा राहतो. (द्रावण विषारी आहे, हातमोज्यांशिवाय हात लावू नये.) चांगल्या वळलेल्या पानात सुमारे ८० टक्के भाग गडद दिसतो. कोवळ्या मालात तसाच दिसला. जाड पान वळलंच नव्हतं, त्याच्या चपट्या पापुद्र्या झाल्या होत्या आणि त्यांच्या कडाच गडद होत्या, मधला भाग हिरवागार. जून पानात तंतू वाढलेले असतात. ते वाकण्याऐवजी तुटतं.

तर उत्तर 'दोन्ही' असं होतं. दाब वाढवून दुसरं कारण काही अंशी सुटलं असतं, पण पहिल्याला हात लागला नसता, आणि त्या दाबात कोवळं पान तापून बिघडलं असतं.

यात कोमेजवण्याचाही हात होता. खुडलेल्या पानात साधारण ७७ टक्के पाणी असतं. ऑर्थोडॉक्ससाठी ते ६२ टक्क्यांच्या आसपास आणतात, म्हणजे १०० किलो पानाचं ६० किलो होतं. पान लुळं पडलं की ते वळतं, आणि रस बाहेर गळून न जाता पानाच्याच अंगावर बसतो. पाणी उडणं हा त्यातला दिसणारा भाग. त्या १२ ते १८ तासांत पान श्वसन करत असतं, प्रथिनं मोडून अमिनो आम्लं होतात, पेशीपटलं सैल पडतात, कॅफीन थोडं वाढतं. म्हणून गरम हवा सोडून पाच-सहा तासांत आकडा गाठला तरी चव गाठता येत नाही.

इथे आकडा ६२ च येत होता आणि वेळही पुरेसा दिला जात होता. तरीही नमुना निवडून भाग वेगवेगळे भट्टीत वाळवले, तेव्हा कोवळ्या पानात ६० टक्के, जाड पानात ५८ आणि देठात ७३ टक्के पाणी निघालं. जाड पानात मुळातच पाणी कमी असतं, त्यामुळे ते लुळं न पडताच आकड्यापर्यंत पोचतं. लांब देठ पाणी धरून ठेवतो. सरासरी बरोबर होती आणि तिच्यातला एकही भाग बरोबर नव्हता. रोलरमध्ये देठाचं पाणी बाहेर पडून पान ओलसर चिकट होत होतं, त्याच्या गोळ्या बनत होत्या. गोळीच्या आत ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून बाहेरून तपकिरी दिसणारी गोळी आतून हिरवी निघत होती.

फेरी लांबली म्हणजे नेमकं काय झालं

उबदार, ओलसर दिवसांत फुटव्यावर दर चार-पाच दिवसांनी एक नवं पान उलगडतं. फेरी ७ दिवसांची असली तर बहुतेक फुटवे दोन पानं आणि कळी या अवस्थेत हाताशी येतात. ती १२ झाली की त्यांतल्या अनेकांना आणखी एक पान येतं, काही बांझी होतात, आणि देठाचा लांब, जाड होत चाललेला तुकडा बरोबर येतो. उलगडलेल्या पानांची वाढ थांबलेली नसते, त्यामुळे या काही दिवसांत फुटव्याचं वजन खूप वाढतं. आणि मजुरी वजनावर असते. कुणाचाही दोष न धरता सांगायचं तर सगळी व्यवस्थाच जाड पानाकडे ढकलत होती.

खुडणीचा दर्जा मोजणं अवघड नाही. पान उतरवलं की ढिगाऱ्याच्या वेगवेगळ्या खोलीतून मूठभर मूठभर घेऊन अर्धा किलो नमुना काढायचा. कळीसह एक किंवा दोन पानं आणि कोवळी बांझी एका बाजूला, बाकी सगळं दुसऱ्या बाजूला, मग दोन्हींचं वजन करायचं. संख्या मोजू नये, वजनच घ्यावं. शंभर फुटव्यांतले तीस जाड असले तरी वजनाने ते अर्ध्याच्या पुढे जाऊ शकतात आणि रोलरला वजनच कळतं. या कारखान्यात ७ दिवसांच्या फेरीत बारीक पान ६८ टक्के भरत असे. तक्रारीच्या काळात ते ४२ वर आलं होतं. वाढलेल्या वजनाचा अभिमान वाटत होता ती वाढ सगळी दुसऱ्या बाजूची होती.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी पुस्तकी हिशोबात सुटते. एकदम जास्त पान येऊ लागल्यामुळे ते पोत्यांत दाबून भरलं जात होतं. दाबलेल्या पोत्याच्या मध्यभागी हात घातला तर तो चटकन गरम लागायचा. पान श्वसन करतं, उष्णता बाहेर पडायला वाट नसते, आणि घासलेल्या पानांच्या कडा कारखान्यात पोचण्याआधीच लाल होतात. तिथे ऑक्सिडीकरण आधीच होऊन गेलेलं असतं, कसल्याही नियंत्रणाविना. ओल्या पानातले काळपट तपकिरी तुकडे बहुतेक याच लाल पानाचे होते.

काय बदललं

फेरी एका दिवसात ७ वर आणता येत नाही. वाढून बसलेले फुटवे आधी काढून टाकावे लागतात आणि ते पान कुठेतरी वापरावं लागतं. म्हणून मधल्या तीन आठवड्यांसाठी कारखान्यातच वेगळी वाट काढली.

ऑर्थोडॉक्स पद्धतीत एक सोय मुळातच आहे, ती गर्दीच्या दिवसांत सोडून दिली गेली होती. पहिला रोल कमी दाबाने, सुमारे अर्धा तास. त्यात कोवळं पान आधी वळतं आणि तुटतं. मग चाळणी. चाळणीखाली पडलेला बारीक माल बहुतांशी कळी आणि पहिल्या पानांचा असतो. वर राहिलेला जाड माल पुन्हा रोलरमध्ये, या वेळी दाब देऊन, पण मधेमधे दाब काढत, म्हणजे पान थंड होत राहतं. प्रत्येक चाळणीचा माल वेगळ्या थरात पसरायचा आणि वेगळ्या वेळी ड्रायरमध्ये न्यायचा. जागा कमी पडते म्हणून सगळ्या चाळण्यांचा माल एकत्र पसरला जात होता. ते थांबवलं. पहिल्या चाळणीचा माल ११५ मिनिटांना, शेवटचा १६० च्या पुढे. एका ढिगाऱ्यातली दोन घड्याळं अशी वेगळी केली.

परिणाम ओल्या पानात लगेच दिसला. पहिल्या चाळणीचं पान एकरंगी तांबूस झालं, थिअफ्लेविन १.० ते १.१ टक्के. शेवटच्या चाळणीच्या चहाला रंग होता, तरतरी नव्हती, आणि त्याला तसंच वेगळं ठेवलं. पोत्यांऐवजी जाळीदार, न दाबलेले गठ्ठे आल्यावर लाल पानही घटलं.

ड्रायरबद्दल थोडक्यात. विकर दारातून आत जाताक्षणी मरत नाही. पहिल्या काही मिनिटांत पान तापत असताना ऑक्सिडीकरण उलट जास्तच वेगाने चालतं. म्हणून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान ५० ते ५५ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर माल आतच शिजल्यासारखा होऊन डल पडतो. या कारखान्यात ड्रायर ठीक होता. शेवटी ३ टक्के पाणी राहिलेला माल निघत होता आणि हरितद्रव्याचं फिओफायटिनमध्ये रूपांतर होऊन येणारा काळा रंगही चांगला होता. दोष तिथे नव्हता, हे तपासून बाजूला ठेवलं.

फेरी ८ दिवसांवर आली तेव्हा बारीक पान ६४ टक्के भरलं आणि मिश्र मालाचं शिखरही ०.९५ पर्यंत चढलं. आता पान उतरवतानाच दर गाडीचा नमुना मोजला जातो. ५५ टक्क्यांच्या खाली आलेलं पान वेगळ्या ट्रफवर कोमेजवतात आणि चांगल्या पानात मिसळत नाहीत. मजुरीतही बारीक पानाच्या टक्क्यावर थोडी भर ठेवली आहे. ती नसती तर मोजणी आठ दिवसांत कागदावरच राहिली असती, असं मला वाटतं.

एक मर्यादा सांगायला हवी. शिखराची उंची झुडपाच्या वाणावरही ठरते. काही वाणांत गॅलोकॅटेचिनं खूप आणि साधी कॅटेचिनं कमी असतात, तिथे दोन घराण्यांची जोडी जमत नाही आणि उत्तम खुडणी करूनही थिअफ्लेविन ०.८ च्या पुढे जात नाही. भरमसाट नत्रखतानेही पॉलिफेनॉल घटतात. या कारखान्यात दोन भूखंडांचं पान फेरी सुधारल्यावरही मागेच राहिलं. तिथे क्लोरोफॉर्म परीक्षेत दुसरं पानसुद्धा मळकट निघालं. त्या भूखंडांचा चहा आता वेगळाच काढतात, १०५ मिनिटांना, आणि त्यात जाड पान अजिबात जाऊ देत नाहीत.